बेसनाचं युनिट तोट्यात: बंद करायचं का? (कॉस्ट अकाउंटंटचं टिपण सोबत)

उमरीकर_संचालक

नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी कारंजा-दारव्हा पट्ट्यात आहे. तूर आणि हरभऱ्याची डाळ करतो, २०२३ पासून बेसनही. २०२४-२५च्या हिशेबात बेसनाच्या नावापुढे ४ लाख २४ हजारांचा तोटा निघाला. बैठकीत बहुतेक संचालकांचं एकच म्हणणं, मशीन विका आन् मोकळे व्हा. मी अडून बसलो, म्हणून एका कॉस्ट अकाउंटंटकडून टिपण मागवलं. त्यांना विचारूनच, नावं काढून, खाली देतोय. सप्टेंबरच्या आमसभेत हे मांडायचं आहे. पटतंय का ते सांगा, आणि कुठे पोकळ वाटत असेल तर तेही.

> विषय: बेसन विभाग चालू ठेवणे किंवा बंद करणे
>
> उत्पादनवार पत्रकाप्रमाणे बेसनाची विक्री ४५० क्विंटल, सरासरी दर ८,१०० रुपये, म्हणजे ३६ लाख ४५ हजार. खर्च ४० लाख ६९ हजार. बेरजा बरोबर आहेत. मंडळापुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे: उद्या बेसन बंद केले तर यातला कोणता खर्च खरोखर थांबेल?
>
> आधी न थांबणारा खर्च पाहू. व्यवस्थापक, चौकीदार, गोदामभाडे, विमा, ऑडिट आणि विजेचा स्थिर आकार मिळून १ लाख ८० हजार रुपये विक्रीच्या प्रमाणात बेसनावर टाकले आहेत. बेसन बंद झाल्यावर चौकीदार कमी पगारात येणार नाही आणि गोदामाचा मालक भाडे उतरवणार नाही. ही रक्कम तशीच तूर व हरभरा डाळीच्या खात्यावर जाईल. मशीनचा घसारा ८० हजार हा आधीच खर्च झालेल्या पैशाचा वर्षाला पाडलेला हिस्सा आहे. ऑपरेटरचा पगार १ लाख ४४ हजार पूर्ण बेसनावर दाखवला आहे, पण डाळमिलचे रोलर आणि चाळण्याही तोच सांभाळतो, त्यामुळे त्याला काढता येणार नाही. या तिन्हींची बेरीज ४ लाख ४ हजार होते आणि बंद करूनही ती भरावीच लागेल.
>
> आता थांबणारा खर्च. पाकिटे, विजेचे युनिट, पॅकिंगची मजुरी आणि गाडीभाडे-दलाली मिळून क्विंटलमागे ५८० रुपये, वर्षाचे २ लाख ६१ हजार. याशिवाय पत्रकात नसलेला एक खर्च आहे. किराणा दुकानदारांकडे सरासरी ४५ दिवसांची उधारी राहते. तेवढा पैसा कॅश क्रेडिटमधून उचललेला आहे, त्याचे ११ टक्क्यांनी वर्षाचे सुमारे ५० हजार व्याज बंद केल्यास वाचेल.
>
> सर्वात मोठी बाब कच्च्या मालाची. वर्षात ४६० क्विंटल माल दळला गेला आणि सगळा ७,४०० रुपयांनी, म्हणजे अखंड डाळीच्या भावाने, बेसनाच्या खात्यावर टाकला आहे. प्रत्यक्षात त्यातला २५० क्विंटल तुकडा होता. हा तुकडा दळला नसता तर बाजारात ६,४०० रुपयांनी गेला असता. बेसनाने कंपनीकडून घेतलेली किंमत तेवढीच धरली पाहिजे. फरक अडीच लाखांचा आहे. तो बेसनाचा तोटा आणि हरभरा डाळीचा नफा, दोन्ही फुगवतो.
>
> या दुरुस्त्यांनंतर टाळता येणारा खर्च ३४ लाख ६५ हजार होतो आणि विक्री ३६ लाख ४५ हजारांची आहे. बेसन बंद केल्यास कंपनीचा एकूण निकाल सुधारणार नाही. तो वर्षाला सुमारे १ लाख ८० हजारांनी बिघडेल.
>
> येथेच थांबलो तर मंडळाची दिशाभूल होईल. दोन प्रकारचा माल वेगळा केला की चित्र बदलते. तुकड्याचे बेसन क्विंटलमागे ८६८ रुपये उरवते. अखंड डाळ दळून केलेले बेसन १५४ रुपये खाते. पहिल्यातून २ लाख १२ हजार मिळतात, दुसऱ्यात ३२ हजार जातात.
>
> शिफारस: विभाग बंद करू नये. अखंड डाळ दळणे मात्र थांबवावे, बेसनाचा भाव डाळीपेक्षा किमान ८५० रुपयांनी वर असेल तेव्हाच दळावी. गोदामाचा करार संपताना किंवा मशीनवर मोठा खर्च निघेल तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडावा, कारण आज न टळणारे काही खर्च त्या दिवशी टळणारे असतील.

---

पैसाअडका

टिपण नीट आहे, पण दोन गोष्टी सुटल्या. मशीनच्या कर्जाचा हप्ता कुठे आहे? हप्ता धरला तर बेसन नक्कीच तोट्यात. आणि महावितरणचा स्थिर आकार न टळणारा कसा? वीस एचपीचं मशीन काढलं, मंजूर भार कमी करून घेतला, की आकार उतरतोच.

---

उमरीकर_संचालक

भाऊ, बेसनाचं मशीन आणि डाळमिल एकाच दिवशी चालवत नाही आम्ही. डाळमिल बंद असली की बेसन, असा रिवाजच आहे.

---

वर्धाकाठ

मी याच धंद्यातला (सीएमए, बरीच वर्षं जिनिंग आणि डाळमिलची कामं केली), म्हणून दोन्हींना उत्तर देतो.

विजेचं पैसाअडकांचं तत्त्व बरोबर आहे, या केसला लागू होत नाही एवढंच. स्थिर आकार कमाल मागणीशी बांधलेला असतो. दोन्ही मशीन एकत्र चालत नसतील तर मीटरवर कमाल मागणी चढवते ती मोठी, म्हणजे डाळमिल. बेसनाचं मशीन उचलून नेलं तरी डाळमिल चालते त्या महिन्यांत तो आकडा हलणार नाही आणि भार उतरवायला जागाच राहणार नाही. बिलांवरची कमाल मागणी महिन्यामहिन्याने पाहा. डाळमिल पूर्ण बंद असलेल्या महिन्यात ती निम्म्यावर दिसली तर माझं म्हणणं खरं. दोन्ही एकदम चालवून भार ओलांडला असेल तर मात्र त्या महिन्याचा दंड बेसनावर टाका.

हप्त्याचं असं, की मशीन ठेवलं तरी भरायचा आणि विकलं तरी उरलेलं कर्ज फेडायचं. म्हणून हप्ता या तुलनेत येत नाही. मशीन विकून आज काय मिळेल ते मात्र यायला हवं होतं. टिपणात तो आकडा नाही, ही पोकळी खरी. समजा चार लाख आले आणि ते कर्जात भरले, तर ११ टक्क्यांनी वर्षाला ४४ हजार व्याज वाचतं, शिवाय मशीनची किंमत दरवर्षी उतरते ते वेगळं. १ लाख ८० मधून तेवढं वजा करा, तरी चालू ठेवण्याकडेच पारडं झुकतं.

आता माझा प्रश्न. ऑपरेटर जून ते सप्टेंबर काय करतो?

---

उमरीकर_संचालक

खरं सांगायचं तर बेसनच. डाळमिल जूनमध्ये थंडावते ती तुरीपर्यंत. जुलैत थोडं सोयाबीन बियाण्याचं ग्रेडिंग असतं, ते आठ-दहा दिवसांचं काम.

---

वर्धाकाठ

मग चार महिन्यांचा पगार, ४८ हजार, टाळता येणाऱ्यात जाऊ शकतो. पण एक अट आहे. त्याला चार महिने घरी बसवला तर पुढे परत येईल का? नाही आला आणि नवा माणूस रोलरची फट चुकवत बसला, तर हरभऱ्याचा तुकडाच वाढेल. हा निर्णय कागदावर होत नाही, तुम्हाला माणूस माहीत आहे.

---

बाप्पूराव

हे काय चाललं राजेहो? तुरीची डाळ बंद कराले निघाले का तुमी? आमच्या गावची सारी तूर तुमच्याच मिलवर येते. भाव बरा देता म्हणून व्यापाऱ्याले सोडलं, आन् आता मिल बंद. मंग आमी कुठं जावं?

---

उमरीकर_संचालक

बाप्पूराव, तूर बंद नाही होत जी. बेसनाचं चाललंय. तूर आपली नफ्यात आहे.

---

बाप्पूराव

हां मंग ठीक हाय. पण एक सांगतो. मी घरी सरकीची घाणी टाकली होती. तेलात तोटा, ढेपीत नफा. पोरगा म्हणे तेल बंद करा, ढेप चालू ठिवा. मी म्हटलं बावा, तेल काढल्याबिगर ढेप येते का? तुमचं तसं तर नाही ना?

---

वर्धाकाठ

बाप्पूराव, तुमचं उदाहरण अगदी मुद्द्याचं आहे, पण ते बेसनाला न लागता तुकड्याला लागतं. हरभरा भरडला की डाळ येते तशी तुकडा, चुनी आणि टरफलही येतात, मागा न मागा. भरडण्यापर्यंतचा खर्च सगळ्यांचा मिळून आहे. बेसन बंद केल्याने त्यातला रुपया टळत नाही. तुकडा हातात आल्यावर तो पोत्यात विकायचा की दळून विकायचा, इथून पुढे बेसनाचा हिशेब सुरू होतो. टिपण लिहिणाऱ्यांनी ही रेघ बरोबर जागी ओढली आहे. पुष्कळ ठिकाणी ती चुकते आणि मग भांडणं होतात.

---

अकोलेवाला

आमची डाळमिल आहे, म्हणून ६,४०० वर बोलतो. हा भाव कुठून घेतला? तुकड्याला एकच भाव नसतो. जाड दोन-फाडी तुकडा वेगळा, बारीक कणी वेगळी, आणि त्यात टरफल राहिलं असेल तर अजून खाली. कोणी पाच-दहा पोत्यांचा भाव फोनवर सांगितला असेल तर २५० क्विंटलला तो मिळेलच असं नाही. एप्रिलमध्ये सगळ्यांचाच तुकडा निघतो आणि घेणारे तेच.

दुसरं, बेसनाचा भाव. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली होती. तेव्हापासून स्वस्त पाकिटांत वाटाण्याचं पीठ किती मिसळलेलं असतं ते धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचं शुद्ध हरभऱ्याचं बेसन त्यांच्याशी भावात लढणार असेल तर ८,१०० पुढच्या वर्षी टिकेल का, ते पाहा.

---

वर्धाकाठ

अकोलेवाल्यांचा पहिला मुद्दा उलटा फिरतो, तो लक्षात घ्या. तुकडा ६,४०० ऐवजी ५,९०० लाच जात असेल तर बेसन करणं आणखी फायद्याचं, कारण दळून सोडतोय ते कमी किमतीचं आहे. धोका दुसऱ्या टोकाला आहे. मी मागे मोजून पाहिलं, तर तुकडा साधारण ७,२५० ला जायला लागला की दळण्यात काही उरत नाही. म्हणजे डाळ ७,४०० असताना डाळ आणि तुकडा यांतलं अंतर दीडशेवर आलं, की पोतं तसंच विकावं. मिलच्या फळ्यावर हे दोन भाव रोज लिहीत चला.

बेसनाचा भाव उतरला तर मात्र दोन्ही बाजूंनी मार बसेल. ८,१०० चा ७,६०० झाला तर तुकड्याच्या बेसनातही क्विंटलमागे पावणेचारशेच्या आसपासच उरतात.

---

नंदाताई_बचतगट

मी पापड-शेवेचं काम करणाऱ्या गटाची आहे. आम्ही अशाच एका कंपनीचं बेसन घेतो. टिपणात "पॅकिंगची मजुरी" एका ओळीत आली आणि "टाळता येणारा खर्च" म्हणून संपली. क्विंटलला १४० रुपये असतील तर वर्षाचे त्रेसष्ट हजार होतात. ते कोणाच्या घरात जातात? तुमच्याच सभासदांच्या बायका असतील. कंपनी कोणाची आहे मग?

---

उमरीकर_संचालक

ताई, बरोबर ओळखलं. दोन जणी आहेत, दोघीही सभासदांच्या घरच्या. पाऊसकाळात शेतात निंदण संपलं की त्यांना हेच काम असतं.

---

वर्धाकाठ

नंदाताई, कंपनीच्या दृष्टीने तो टळणारा खर्चच आहे आणि टिपणात तसाच यायला हवा. सभासदांच्या दृष्टीने ती मिळकत आहे. दोन्ही एका आकड्यात मिसळले तर काहीच कळणार नाही. आमसभेत वेगळी ओळ म्हणून सांगा: बंद केलं तर कंपनीचे १ लाख ८० हजार जातील, आणि सभासदांच्या घरांतले ६३ हजारही.

---

पैसाअडका

हप्त्याचं पटलं. पण मशीन अनुदानावर घेतलं होतं का? बँकेत होतो म्हणून विचारतो. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, पण ते लगेच तुमचं होत नाही. बँकेत वेगळं ठेवलं जातं. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षांनी खातं नियमित असेल आणि युनिट चालू असेल, तर ते कर्जात वळतं करतात.

---

उमरीकर_संचालक

त्याच योजनेतलं आहे. पॅकिंग मशीन धरून १२ लाखांचा प्रकल्प, अनुदान ४ लाख २० हजार. कर्जाचा शेवटचा टप्पा ऑगस्ट २०२३ ला उचलला. म्हणजे ऑगस्ट २०२६ पर्यंत युनिट चालू दिसायला हवं. हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं!

---

वर्धाकाठ

पैसाअडकांनी टिपणातली सर्वात मोठी उणीव दाखवली. आत्ता बंद केलं तर वर्षाच्या १ लाख ८० हजारांवर हे ४ लाख २० हजारही पणाला लागतात. बँकेकडून लेखी घ्या की नेमकी तारीख कोणती धरतात आणि "युनिट चालू" कशावरून ठरवतात. फक्त तुकडा दळून चालवलं, म्हणजे उत्पादन निम्म्यावर आलं, तर ते चालू धरतात का, हेही त्यातच विचारा.

---

उमरीकर_संचालक

आता माझी खरी अडचण सांगतो. "अखंड डाळ दळू नका" हे कागदावर सोपं आहे. हरभरा येतो फेब्रुवारी-मार्चला, भरडणी मेपर्यंत, तुकडा तेव्हाच निघतो. बेसनाला मागणी श्रावणापासून दिवाळीपर्यंत. गेल्या वर्षी तुकडा ऑगस्टमध्येच संपला. दिवाळीला दुकानदारांना देण्यासाठीच आम्ही डाळ दळली. तेव्हा बेसन ८,४०० ला विकलं, पण डाळही ७,६०० झाली होती. म्हणजे अंतर ८०० चं, टिपणातल्या ८५० पेक्षा कमी.

आणि तेच दुकानदार आपली तूरडाळही घेतात. वर्षाला १८० क्विंटल. अकोल्याच्या व्यापाऱ्याला दिली असती त्यापेक्षा क्विंटलमागे साडेतीनशे जास्त मिळतात. दिवाळीत बेसन नाही म्हटलं की यातले काही जण दोन्ही मालासाठी दुसरीकडे जातील.

---

वर्धाकाठ

हे टिपण लिहिणाऱ्यांना सांगितलं होतं का? १८० क्विंटलवर साडेतीनशे म्हणजे ६३ हजार. डाळ दळण्यात जातात ३२ हजार. निम्मे दुकानदार तुटले तर साडेएकतीस हजार गेले, म्हणजे जवळजवळ फिटंफाट. निम्म्यापेक्षा कमी तुटणार असतील तर डाळ दळणं थांबवा, जास्त तुटणार असतील तर तोटा सोसून दळा. हे मी नाही सांगू शकत आणि तुमचे अकाउंटंटही नाही. दुकानदारांशी बोलणाऱ्या माणसाला विचारा, आणि "सगळेच जातील" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. कोणत्या दुकानाने गेल्या दिवाळीत किती बेसन आणि किती तूरडाळ घेतली, ते बिलांवरून काढा. बेसन कधीच न घेणारी दुकानं त्या १८० मध्ये असतील, तर ती बाजूला करा.

---

अकोलेवाला

तुकडा दिवाळीपर्यंत टिकवता येतो की. आम्ही ठेवतो. ओल नऊ-दहा टक्क्यांवर आणायची, उन्हात टाकून का होईना. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाआधी धुरी द्यायची, ती मात्र परवाना असलेल्याकडूनच करून घ्या, घरी गोळ्या टाकायच्या भानगडीत पडू नका. बेसन दळून ठेवू नका, पीठ पावसाळ्यात महिन्या-दोन महिन्यांत कडवट लागतं. तुकडा ठेवा आणि ऑर्डर आली की दळा. जून-जुलैला दुकानदाराला थोडं कमी द्या, तो तेव्हा बोंबलत नाही.

---

वर्धाकाठ

हा चांगला मार्ग आहे, फक्त फुकट नाही. शंभर क्विंटल तुकडा पाच महिने ठेवला तर ६ लाख ४० हजार अडकले. ११ टक्क्यांनी सुमारे २९ हजार व्याज, वर धुरी आणि थोडी घट. डाळ दळून जे ३२ हजार जातात त्याच्या आसपासच हा खर्चही येतो.

---

अकोलेवाला

पण दिवाळीला तुकड्याच्या बेसनाला ८,४०० मिळेल ना? जूनमधल्या भावापेक्षा किती जास्त, ते धरलं का?

---

वर्धाकाठ

नाही धरलं. उमरीकर, महिनावार विक्रीदर आहेत का तुमच्याकडे? ८,१०० ही सरासरी आहे, जूनचा भाव त्याखाली असणार.

---

उमरीकर_संचालक

बिलं आहेत, महिनावार काढलेले नाहीत. पोळ्यानंतर बसून काढतो आणि इथे टाकतो. बँकेला आजच पत्र लिहितोय.

---

बाप्पूराव

आन् आमच्या तुरीचा भाव कमी करू नका त्या नादात. बेसनाचा तोटा काढासाठी कास्तकाराच्या मापातून कापाल, म्हणून आधीच सांगून ठिवतो.